लॉगची शेवटची ओळ आणि पंख्यावर आलेला आळ

सावदा-रावेर पट्ट्यातल्या एका केळी पिकवण केंद्रातून व्हॉट्सॲपवर आलेला हा मजकूर. सोबत एवढंच लिहिलेलं होतं: "रात्री प्रोग्राम बंद पडला, पंख्याचा प्रॉब्लेम दिसतोय."

```
00:52:00 ch=4 t=16.9 rh=92 co2=0.4 fan=0 eth=0
00:53:00 ch=1 t=17.1 rh=91 co2=0.5 fan=0 eth=0
00:53:00 ch=2 t=16.8 rh=90 co2=0.3 fan=0 eth=0
00:53:00 ch=3 t=16.8 rh=92 co2=0.6 fan=0 eth=0
00:53:00 ch=4 t=16.9 rh=91 co2=0.4 fan=
```

पाहिल्याबरोबर नजर शेवटच्या ओळीवर जाते. चार नंबरच्या चेंबरचं तापमान लिहिलंय, आर्द्रता लिहिलीय, कार्बन डायऑक्साइड लिहिलाय, आणि `fan=` पुढे काहीच नाही. म्हणजे पंख्याची स्थिती वाचता वाचता प्रोग्राम मेला. सगळ्यांना तसंच वाटलं, आणि वाटण्यासारखंच आहे.

आधी केंद्राची रचना सांगतो. केळी पिकवायच्या चार खोल्या. तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता नव्वदीच्या आसपास. पहिला दिवसभर इथिलीन सोडतात, साधारण १०० पीपीएम. पुढे खोलीत साचणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत राहावं लागतं. तो एका टक्क्याच्या वर चढला की इथिलीनचा परिणाम मंदावतो आणि माल एकसारखा पिवळा होत नाही. कूलिंगला स्वतंत्र थर्मोस्टॅट आहे. उपसा पंखा मात्र एका छोट्या लिनक्स संगणकावरच्या सी भाषेतल्या प्रोग्रामच्या हाती आहे. तो दर मिनिटाला चारही खोल्यांची रीडिंग घेतो, प्रत्येक खोलीची एक ओळ छापतो, गरज असेल तर पंखा लावतो आणि गडबड असेल तर मोबाइलवर संदेश पाठवतो. प्रोग्रामच मेला तर संदेश कोण पाठवणार, हा प्रश्न बसवताना कुणाला पडला नव्हता.

सकाळी सुपरवायझर दादांनी पाहिलं तर प्रोग्राम चालू नव्हता. लॉगची शेवटची ओळ चार नंबरची, म्हणून त्यांनी हातातला मीटर घेऊन चार नंबरची खोली तपासली. कार्बन डायऑक्साइड दोन टक्क्यांच्या वर. तापमान व्यवस्थित. लॉग पंख्याकडे बोट दाखवतो आणि खोलीतली हवाही पंखा चालला नाही असंच सांगते. धुळ्याकडचा इलेक्ट्रिक मिस्तरी आला, पॅनल उघडायच्या आधीच म्हणाला, "पंखाच बंद पडना व्हई." चार नंबरच्या पंख्याचा काँटॅक्टर बदलला, रिले बोर्ड बदललं, सेन्सरची वायर शिल्ड असलेली टाकली.

बाकीच्या तीन खोल्यांत त्या सकाळी कुणी मीटर धरलाच नाही. प्रोग्राम मेल्यावर चारही पंखे थांबलेले असणार, म्हणजे चारही खोल्यांत हवा कोंदलेली असणार. ती दोन मिनिटांची तपासणी झाली असती तर चार नंबरच्या काँटॅक्टरवरचा आळ तिथेच गळून पडला असता. पण लॉगमध्ये चार दिसला म्हणून चारच तपासला गेला, आणि चारमध्ये जे सापडलं त्यानं लॉगवरून काढलेला तर्क "सिद्ध" झाला. अंदाज चुकण्यापेक्षा हे वाईट. पुढचं मोजमाप कुठे करायचं हेही तो अंदाजच ठरवतो.

दुरुस्तीनंतर केंद्र सुरळीत चाललं. तीन खोल्यांचा माल व्यवस्थित पिकून गेला. मालक नानांनी मिस्तरीचं बिल चुकतं केलं. मग एका सकाळी पुन्हा तेच: प्रोग्राम बंद, आणि यावेळी लॉगचा शेवट असा:

```
00:56:00 ch=3 t=17.0 rh=91 co2=0.5 fan=0 eth=0
00:56:00 ch
```

आता `fan` हा शब्द यायच्या कितीतरी आधी ओळ तुटली होती. यावर निघालेला तर्क ऐकण्यासारखा होता: पंख्याचं दुखणं बरं झालं, पण आता चॅनलची निवड अडकते आहे, इंटरफेस कार्ड बदलावं लागेल. शिवाय दोन्ही वेळा एक वाजायच्या सुमारास घडलं. शेतीपंपांच्या फीडरला रात्री थ्री फेज मिळते, त्या वेळी झटका बसत असेल, असंही एकाने सुचवलं. हे दोन्ही तर्क अशक्य नव्हते. अडचण एवढीच की दोन्ही तर्क लॉगच्या शेवटच्या ओळीला घटनेची ओळ मानत होते.

माझ्याकडे काम आलं ते या टप्प्यावर. मी मजकुराऐवजी फाइल मागितली, आणि फाइलच्या आधी तिचा आकार.

```
$ stat -c '%s %n' ripen-*.log
77824 ripen-a.log
61440 ripen-b.log
```

७७८२४ म्हणजे ४०९६ गुणिले १९. ६१४४० म्हणजे ४०९६ गुणिले १५. दोन्ही फाइली ४०९६ च्या पटीत अगदी काटेकोर, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. वेगवेगळ्या वेळी सुरू झालेला आणि वेगवेगळ्या वेळी मेलेला प्रोग्राम योगायोगाने दोनदा नेमका त्या सीमेवर मरत नाही.

कारण असं. सी भाषेतला `printf` ओळ थेट फाइलमध्ये टाकत नाही. आधी ती प्रोग्रामच्या स्वतःच्या स्मृतीतल्या बफरमध्ये साठते. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर प्रत्येक ओळ संपली की बफर रिकामा होतो. आउटपुट फाइलकडे वळवलं असेल तर नेहमीच्या लिनक्सवर बफर भरेपर्यंत काहीच लिहिलं जात नाही, आणि ext4 डिस्कवर हा बफर सहसा ४०९६ बाइटचा असतो. भरला की सगळा एकदम फाइलमध्ये ओतला जातो, मग ओळ अर्धी असली तरी. इथे प्रोग्राम `./ripen > ripen.log 2>&1` असा चालवला जात होता. म्हणजे `fan=` वर ओळ तुटली ती ४०९६ च्या पटीमुळे, पंख्यामुळे नव्हे. पंख्याची पुढची किंमत बफरमध्ये व्यवस्थित लिहिलेली होती. ती बफरसकट गेली. गंमत म्हणजे प्रोग्राम टर्मिनलवर तपासला तर सगळ्या ओळी तत्काळ दिसतात, त्यामुळे तपासणारा म्हणतो की लॉगिंग अगदी चोख आहे.

हे नुसतं म्हणून भागत नाही, आकड्यांनी पडताळता येतं. नवी ओळ सुरू करणारं अक्षर धरून एक ओळ ४७ बाइटची. पहिला प्रोग्राम संध्याकाळी ६ वाजता सुरू झाला, मिनिटाला चार ओळी. ७७८२४ ला ४७ ने भागलं तर १६५५ पूर्ण ओळी बसतात आणि ३९ बाइट उरतात. १६५५ ओळी म्हणजे ४१३ मिनिटं आणि वर तीन ओळी, म्हणजे पुढची ओळ १२:५३ ची, चौथ्या खोलीची. तिचे पहिले ३९ बाइट मोजा: `fan=` च्या बरोबरच्या चिन्हावर येऊन थांबतात. दुसरी फाइलही अशीच. सुरुवात साडेसातची, ६१४४० मध्ये १३०७ ओळी आणि वर ११ बाइट. ११ बाइट म्हणजे वेळ, एक मोकळी जागा आणि `ch`. लॉग कुठे तुटला हे खोलीत काय चाललंय हे न बघता कागदावर आधीच सांगता आलं असतं. ज्या गोष्टीचा शेवट भागाकाराने ठरतो, तिच्यात पंख्याची कैफियत शोधण्यात अर्थ नाही.

आता त्याच भागाकाराचा उपयोग उलटा करता येतो. पुढचा ४०९६ चा तुकडा फाइलमध्ये कधी उतरला असता? विसावा तुकडा १७४३ व्या ओळीवर भरतो, म्हणजे १:१५ ला. तो फाइलमध्ये नाही. म्हणून पहिल्या रात्री प्रोग्राम १२:५३ नंतर आणि १:१५ च्या आधी कधीतरी मेला. दुसऱ्या रात्री याच हिशेबाने १२:५६ ते १:१८. या फाइलीतून मिळतो तो बावीस मिनिटांचा कप्पा. त्यात नेमकं काय झालं याची एकही ओळ तिच्यात नाही, कारण त्या ओळी कधी डिस्कवर पोचल्याच नाहीत.

आणखी एक गोष्ट मात्र या तुटक्या शेवटातून खात्रीने कळते. प्रोग्राम स्वतःहून `exit` ने बाहेर पडला असता तर जाताना बफर फाइलमध्ये ओतून गेला असता, आणि ओळ पुरी झाली असती. म्हणजे तो स्वतःहून गेला नाही. त्याला बाहेरून कुणीतरी सिग्नल देऊन संपवलं, किंवा तो स्मृतीच्या चुकीने कोसळला, किंवा संगणकच बंद पडला. तिन्हींत बफर वाया जातो आणि तिन्हींचा शेवट फाइलमध्ये हुबेहूब सारखा दिसतो. इथून पुढे लॉगला कितीही पिळलं तरी थेंब निघणार नव्हता. त्या बावीस मिनिटांची दुसरी साक्ष शोधायला हवी होती.

वीज आधी तपासली, कारण तिच्यावर सगळ्यांचा राग होता. `journalctl --list-boots` मध्ये दोन्ही घटनांच्या अलीकडे-पलीकडे एकच बूट, संगणक मध्ये बंद झालेलाच नाही. वीज सुटली. मग कर्नलच्या नोंदी, फक्त त्या कप्प्यापुरत्या (तारीख इथे गाळली आहे):

```
journalctl -k --since "00:53" --until "01:16"
```

स्मृती संपून कर्नलने प्रोग्राम मारला असता तर `Out of memory: Killed process` अशी ओळ मिळाली असती. प्रोग्राम कोसळला असता तर इंटेलच्या संगणकावर सहसा `segfault` ची ओळ उमटते. दोन्हींपैकी काहीही नव्हतं. नसण्याला इथे किंमत आहे, पण पुरी नाही, कारण कर्नल प्रत्येक सिग्नलची नोंद ठेवत नाही. मग `-k` काढून त्याच बावीस मिनिटांच्या सगळ्या नोंदी काढल्या. क्रॉनच्या रोजच्या दोन-चार ओळी सोडल्या तर एकच वेगळी ओळ होती:

```
01:04:26 sshd[1872]: pam_unix(sshd:session): session closed for user ripen
```

कुणीतरी दुरून लॉगिन केलेलं होतं आणि ते सत्र १:०४ ला बंद झालं. दुसऱ्या रात्रीही कप्प्याच्या आत तशीच एक ओळ, १:१० ची.

दादांना विचारलं तर ते म्हणाले, "एक वाजता मी झोपलेला असतो, भाऊ. लॅपटॉप अकराच्या आधीच मिटतो." खरंच होतं. माल बदलला की पिकवण्याचं वेळापत्रक बदलतं आणि प्रोग्राम नव्याने सुरू करावा लागतो. दादा केंद्रावर असले तर पॅनलजवळच्या संगणकावरच सुरू करत. घरी असले तर लॅपटॉपवरून ssh ने. दोन्ही वाईट रात्री त्यांनी घरून सुरू केला होता. मधल्या चांगल्या रात्री ते किंवा मिस्तरी केंद्रावरून सुरू करत होते. काँटॅक्टर बदलल्यावर सगळं सुरळीत झालं ते यामुळे.

मग अकराच्या आधी मिटलेल्या लॅपटॉपचं सत्र एकनंतर का बंद व्हावं? झोपलेला लॅपटॉप निरोप देऊन जात नाही, नुसता गप्प होतो. समोरचा संगणक तो आहे असंच धरून चालतो. लिनक्सची नेहमीची मांडणी अशी की जोडणीवर ७२०० सेकंद काहीच हालचाल झाली नाही तर पहिली विचारणा जाते, मग दर ७५ सेकंदांनी पुन्हा. नऊ विचारण्यांना उत्तर आलं नाही की जोडणी मृत धरायची. ७२०० अधिक ६७५, म्हणजे ७८७५ सेकंद, म्हणजे २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. १:०४:२६ मधून तेवढं वजा केलं तर १०:५३:११ येतात. दादांच्या लॅपटॉपच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये झोपी जाण्याची नोंद त्या रात्री १०:५३ चीच होती, काही सेकंद पुढची. दुसऱ्या रात्रीचाही हिशेब असाच जुळला.

जोडणी मृत ठरली की त्या सत्राचं टर्मिनल नाहीसं होतं. शेलला हँगअपचा सिग्नल मिळतो, `SIGHUP`, आणि शेल तो आपण सुरू केलेल्या कामांना पुढे देतो. शेवटी `&` लावून मागे टाकलेला प्रोग्रामही यातून सुटत नाही. `SIGHUP` ची दखल न घेणारा प्रोग्राम त्यावर जागच्या जागी संपतो. ना बफर ओततो, ना कर्नल नोंद करतं. रात्री एकचं वेळापत्रक फीडरचं नव्हतं, दादांच्या झोपेचं होतं, सव्वादोन तास पुढे सरकलेलं.

पहिल्या रात्रीची एक गोष्ट दादांना नंतर आठवली. लॅपटॉप मिटायच्या आधी, १०:५३ ला, त्यांनी `tail` करून पाहिलं होतं आणि शेवटची ओळ १०:४३ ची दिसली होती. संगणकाचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल असं समजून त्यांनी सोडून दिलं. हिशेबाने १०:५३ ला तेरावा तुकडा उतरलेला, तो १०:४३ च्या पहिल्या ओळीत `eth` वर तुटतो, आणि चौदावा ११:०५ ला येतो. चालू, धडधाकट प्रोग्रामचा लॉगही दहा मिनिटं मागे होता आणि अर्ध्या ओळीवर संपत होता. मेल्यावरचा शेवट आणि जिवंतपणीचा शेवट यांत फरकच नव्हता, आणि हे कुणीही कुठल्याही दुपारी पाहू शकलं असतं.

एवढं जुळूनही मी याला सिद्ध म्हणायला तयार नव्हतो, कारण पंख्याचा तर्कही असाच छान जुळला होता. फरक एवढाच की हा तर्क करून बघता येत होता, आणि तोही माल नसताना. घरून ssh ने प्रोग्राम सुरू केला, पुरेसा वेळ चालू दिला आणि केंद्रावरच्या संगणकावरून त्याला नुसता सिग्नल दिला:

```
kill -HUP $(pidof ripen)
```

प्रोग्राम गेला, फाइलचा आकार ४०९६ च्या पटीत, शेवटची ओळ अर्धी. मग दुसऱ्यांदा सिग्नल न देता, लॅपटॉप मिटून. तेव्हाही सव्वादोन तासांच्या आसपास तेच. उलटी चाचणीही हवी होती: काँटॅक्टर मुद्दाम काढून ठेवला आणि प्रोग्राम केंद्रावरून चालवला. प्रोग्राम रात्रभर चालला, `fan=1` असं निष्ठेने लिहीत राहिला. तो पंख्याची स्थिती वाचत नव्हताच. आपण दिलेला हुकूम फक्त लिहून ठेवत होता. हे कोडमध्ये एका नजरेत दिसतं, पण `fan=` पाहून सगळ्यांनी वाचनच गृहीत धरलं होतं, आणि कोड उघडायची वेळ आलीच नव्हती.

दुरुस्ती दोन जागी केली आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. प्रोग्राम मरू नये म्हणून तो systemd ची सेवा केला. आता तो कुणाच्या लॉगिनला बांधलेला नाही, आणि मेलाच तर पुन्हा उठतो. दादा घरून फक्त `systemctl restart` देतात. नुसतं `nohup` लावूनही हँगअप टळला असता, पण मग दुसऱ्या कुठल्या कारणाने मेल्यावर उठवणारं कुणी नसतं. लॉग मागे राहू नये म्हणून `main` च्या सुरुवातीला एक ओळ घातली:

```
setvbuf(stdout, NULL, _IOLBF, 0);
```

आता प्रत्येक ओळ संपली की ती प्रोग्रामच्या हातून सुटते. कोड हाताशी नसता तर `stdbuf -oL ./ripen` नेही बहुतेक काम झालं असतं, फक्त प्रोग्राम स्थिर जोडणीने बांधलेला असेल किंवा स्वतःच बफर ठरवत असेल तर `stdbuf` चा उपयोग नाही. ही दुसरी दुरुस्ती प्रोग्रामला वाचवत नाही. ती पुढच्या वेळी बावीस मिनिटांचा कप्पा एका मिनिटावर आणते.

तोही शून्यावर येत नाही. ओळ प्रोग्रामच्या हातून सुटली तरी ती आधी कर्नलच्या स्मृतीत जाते, आणि डिस्कवर उतरायला नेहमीच्या मांडणीत अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागू शकतो. प्रोग्राम मेला तर त्या ओळी वाचतात, पण अख्ख्या संगणकाची वीज गेली तर त्याही जातात. journald तर कमी महत्त्वाच्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला पाच मिनिटांपर्यंत थांबतो. म्हणून ज्या दिवशी `--list-boots` मध्ये नवा बूट दिसेल, त्या दिवशी लॉगचा शेवट पुन्हा याच संशयाने वाचावा लागेल, `setvbuf` असो वा नसो. नानांना हे सांगितल्यावर त्यांनी संगणकाला छोटा यूपीएस घेतला आणि मिस्तरीकडून जुना काँटॅक्टर परत मागवला. तो ठणठणीत निघाला. सध्या दोन नंबरच्या पॅनलवर बसलाय.

दादा आता लॉगमधल्या ओळी पाठवत नाहीत. `stat` चा आकार, अख्खी फाइल, आणि शेवटच्या ओळीच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतचं `journalctl` एवढं पाठवतात, आणि चारही खोल्यांचं मीटरचं रीडिंग.